लिंकवरची पाटी

सदाशिव पेठेतल्या एखाद्या स्पर्धा परीक्षांच्या क्लासचं ऑफिस डोळ्यांसमोर आणा. काउंटरवर फीची पावती फाडणं चालू आहे, दोन पालक उभे आहेत, फोन वाजतो आहे आणि आतल्या टेबलावर संचालक दोन बॅचच्या मधल्या वीस मिनिटांत मेल चाळताहेत. त्यात एक मेल अनोळखी माणसाचा आहे: कोथरूडमध्ये दोघं मिळून वेबसाइट दुरुस्तीचं काम करतात, त्यांचा. मेलमध्ये एका व्हिडिओची लिंक आहे. संचालकांकडे इअरफोन नाही, आजूबाजूला माणसं आहेत, आणि अनोळखी लिंक दाबू नये हे त्यांनी बँकेच्या मेसेजमध्ये शंभर वेळा वाचलेलं आहे. ही लिंक उघडली जाईल का?

व्हिडिओ किती चांगला आहे यावर ते ठरत नाही, कारण तो अजून कोणी पाहिलेलाच नाही. ते ठरतं लिंकच्या आधी लिहिलेल्या दीड-दोन ओळींवर. आणि त्याच्याही आधी, तिथे व्हिडिओ लागतच होता का, यावर.

पहिल्यांदा हा दुसरा प्रश्न घेऊ, कारण बहुतेक मेल तिथेच फसतात. व्हिडिओ कधी लावावा याची माझ्या मते एकच खरी कसोटी आहे: दाखवायची गोष्ट काळात घडते का? म्हणजे एकामागून एक काही होतं आणि त्या क्रमातच मुद्दा आहे, असं आहे का? तसं असेल तर व्हिडिओ. मुद्दा एका क्षणात गोठवून दाखवता येत असेल तर स्क्रीनशॉट पुरतो. आकड्यात सांगता येत असेल तर एक वाक्य पुरतं.

त्या क्लासच्याच वेबसाइटची दोन दुखणी समजा. पहिलं असं, की मोबाइलवर पानाच्या कोपऱ्यात तरंगणारं व्हॉट्सॲपचं हिरवं बटण 'अर्ज पाठवा' या बटणावर येऊन बसतं आणि ते अर्धं झाकलं जातं. यासाठी व्हिडिओ केला तर समोरच्याचा वेळ घालवला असं होईल. एक स्क्रीनशॉट, झाकलेल्या बटणाभोवती लाल गोल, संपलं. मेल उघडल्याबरोबर दिसतं, काही दाबावं लागत नाही.

दुसरं दुखणं वेगळं आहे. विद्यार्थी मोबाइलवरून प्रवेश अर्ज भरतो: नाव, पत्ता, जन्मतारीख, शिक्षण, असे आठ रकाने. शेवटी फोटो जोडतो. 'पुढे' दाबतो. पान क्षणभर पांढरं होतं, परत येतं, आणि आठही रकाने कोरे. विद्यार्थ्याला वाटतं आपलंच काहीतरी चुकलं. तो परत भरतो, परत तेच. खरं कारण असं, की फोटोला २०० केबीची मर्यादा आहे आणि मोबाइलच्या कॅमेऱ्यातला साधा फोटो दोन-चार एमबीचा असतो. ही मर्यादा अर्ज सर्व्हरवर पोचल्यानंतर तपासली जाते; सर्व्हर चूक झाल्याच्या सूचनेसह पान नव्याने पाठवतो, पण भरलेली माहिती त्या पानात परत घालत नाही. 'फोटो मोठा आहे' ही लाल ओळ येते, पण पानाच्या अगदी वर. विद्यार्थी असतो पानाच्या मध्यावर. त्याला ती दिसत नाही.

हे शब्दांत लिहिलं तर संचालक म्हणतील, "आमच्याकडे तर व्यवस्थित चालतं." आणि ते खोटं बोलत नसतात. ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर, आधीच लहान करून ठेवलेला फोटो जोडून त्यांनी अर्ज भरून पाहिलेला असतो. स्क्रीनशॉट पाठवला तर त्यात दिसतो फक्त एक कोरा अर्ज, आणि कोरा अर्ज म्हणजे काही बिघाड नव्हे. भरलेलं पुसलं गेलं, हे दिसायला आधी भरलेलं दिसावं लागतं. इथे व्हिडिओला पर्याय नाही.

आता तो कसा करायचा. अँड्रॉइड फोनमध्ये वरून खाली बोट ओढल्यावर दिसणाऱ्या बटणांत स्क्रीन रेकॉर्डिंग असतं. ११व्या आवृत्तीपासून ते फोनमध्येच मिळतं. त्यातलं स्पर्श दाखवण्याचं सेटिंग सुरू करावं, म्हणजे बोट कुठे टेकलं ते छोट्या ठिपक्याने दिसतं. आयफोनमध्ये हा ठिपका दिसत नाही, म्हणून हे काम शक्यतो अँड्रॉइडवर करावं. रेकॉर्डिंगआधी डू नॉट डिस्टर्ब लावायलाच हवं. नाहीतर बरोबर मोक्याच्या सेकंदाला घरचा मेसेज वरून उतरतो, आणि तो दुसऱ्या कुणाच्या तरी ऑफिसात वाचला जातो. मायक्रोफोन बंद. नावाच्या रकान्यात 'चाचणी' असं स्पष्ट लिहावं, खोटं नाव घालू नये. चुकून नोंद झालीच तर ती ओळखू यावी.

सगळं मिळून ३८ सेकंद पुरतात. पहिली सहा सेकंदं भरलेला अर्ज वरून खाली सरकवत दाखवायचा. चौदाव्या सेकंदापर्यंत फोटो निवडायचा आणि 'पुढे' दाबायचं. सतराव्या सेकंदाला पान कोरं होऊन परत येतं. इथे घाई करू नये. तीन-चार सेकंदं बोट उचलून ठेवावं, म्हणजे पाहणाऱ्याला काय घडलं ते कळायला वेळ मिळतो. मग सावकाश वर सरकत जाऊन ती लाल ओळ दाखवायची आणि थांबायचं. सुरुवातीला स्वतःच्या नावाची पाटी नको, शेवटी लोगो नको, संगीत तर मुळीच नको. पहिली पाच सेकंदं लोगो फिरत राहिला तर पाहणारा समजतो की ही जाहिरात आहे, आणि बंद करतो.

फाइल तयार झाली की सगळ्यात आधी तिचं नाव बदलावं. फोनने दिलेलं आकड्यांचं नाव तसंच राहिलं तर ड्राइव्हवर व्हिडिओच्या डोक्यावर तेच झळकतं. 'प्रवेश-अर्ज-फोटोनंतर-माहिती-पुसली-जाते.mp4' असं नाव दिलं, तर लिंक उघडल्यावर पहिल्या नजरेलाच कळतं की आपण योग्य ठिकाणी आलो.

मग लिंक. गूगल ड्राइव्हवर फाइल चढवली की ती मुळात Restricted असते, म्हणजे फक्त तुम्हाला दिसते. ती Anyone with the link आणि Viewer अशी करावी लागते. हे राहून गेलं तर संचालकांना You need access असं पान दिसतं, आणि त्या पानावर परवानगी मागण्याइतका वेळ अनोळखी माणसासाठी कोणी काढत नाही. या एका चुकीत जितके चांगले व्हिडिओ वाया जातात तितके दुसऱ्या कशात जात नसतील. तपासायचा मार्ग सोपा आहे: लिंक कॉपी करून ब्राउझरच्या इनकॉग्निटो खिडकीत उघडायची, आणि एकदा मोबाइल डेटावर, दुसऱ्याच्या फोनवर. स्वतःच्या लॉगिनमध्ये उघडून पाहिलं तर ती नेहमीच उघडते, त्यावरून काही कळत नाही. आणखी एक गोष्ट: चढवल्यानंतर लगेच मेल पाठवू नये. ड्राइव्हला व्हिडिओ चालवण्याजोगा करायला थोडा वेळ लागतो. तोपर्यंत पाहणाऱ्याला 'प्रक्रिया सुरू आहे' अशा अर्थाची सूचना मिळते. आधी स्वतः इनकॉग्निटोमध्ये पूर्ण चालवून पाहावा, मगच मेल.

यूट्यूबवर ठेवायचा असेल तर Unlisted ठेवावा. Private ठेवला तर लिंक असूनही उघडत नाही, आणि Public ठेवला तर दुसऱ्याच्या वेबसाइटचं दुखणं आपण चव्हाट्यावर मांडलं असं होतं. मात्र अशा कामाला मी ड्राइव्हलाच पसंती देईन. यूट्यूबवर व्हिडिओ संपला की शेजारी दुसरे व्हिडिओ येतात आणि लक्ष तिकडे जातं. शिवाय काही ऑफिसांच्या नेटवर यूट्यूब बंदच असतं.

लिंक लहान करून देणाऱ्या सेवा वापरू नयेत. लांबलचक पत्ता दिसायला चांगला नसला, तरी त्यात drive.google.com हे ओळखीचं नाव वाचता येतं. आखूड केलेल्या लिंकमध्ये ते झाकलं जातं, आणि फसवणुकीच्या मेलमध्ये नेमकं तेच केलेलं असतं, म्हणून मेल गाळणाऱ्या यंत्रणाही तिच्याकडे संशयाने पाहतात. फाइल मेललाच जोडून पाठवणं हाही पर्याय सुचतो. जीमेलमध्ये २५ एमबीपर्यंत जोडता येतंही. पण अनोळखी माणसाने जोडलेली फाइल ही अनोळखी लिंकपेक्षा जास्त धास्तीची वाटते.

आता त्या दोन ओळींकडे येऊ. स्वारगेटला उभं राहून येणाऱ्या बसची पाटी आपण कशी वाचतो? नंबर, कुठे जाणार, कुठल्या मार्गे. एवढं वाचून चढायचं की नाही ते ठरतं. आत चढून कंडक्टरला विचारायची पाळी येत नाही. लिंकवरची पाटी तशीच असावी. त्यात पाहणाऱ्याच्या मनातल्या सगळ्या शंकांची उत्तरं न विचारता मिळावीत: आत काय दिसेल, किती वेळ जाईल, आवाज लागेल का, लॉगिन मागेल का, आणि घाईत असेन तर नेमकं कुठल्या सेकंदाला पाहू.

पूर्ण मेल असा होईल. विषयाची ओळ: 'प्रवेश अर्जात फोटो जोडला की भरलेली माहिती पुसली जाते'. आणि आत:

> नमस्कार सर,
>
> आपल्या वेबसाइटवरचा प्रवेश अर्ज मोबाइलवरून भरताना फोटो २०० केबीपेक्षा मोठा असेल, तर 'पुढे' दाबल्यावर आधी भरलेले आठही रकाने कोरे होतात. फोटो मोठा असल्याची सूचना पानाच्या अगदी वर येते, त्यामुळे अर्ज भरणाऱ्याला ती दिसत नाही. लहान केलेला फोटो जोडला तर अर्ज व्यवस्थित पुढे जातो, म्हणून ऑफिसमध्ये ही अडचण लक्षात आली नसेल.
>
> हे घडताना दाखवणारं मोबाइलचं स्क्रीन रेकॉर्डिंग खाली आहे. ३८ सेकंद, आवाज नाही, लॉगिन लागत नाही. १७व्या सेकंदाला रकाने कोरे होतात.

```
https://drive.google.com/file/d/FILE_ID/view
```

> तपासताना नावाच्या रकान्यात 'चाचणी' असं लिहिलं होतं. तशी नोंद आपल्याकडे आली असल्यास काढून टाकावी.
>
> फोटोचा आकार अर्ज पाठवण्याआधी मोबाइलवरच तपासला तर ही अडचण सुटते. वेबसाइट सांभाळणारे आपल्याकडे कोणी असतील तर हा मेल त्यांना तसाच पाठवावा. आमच्याकडून करून हवं असल्यास कळवावं.

FILE_ID च्या जागी अर्थातच तुमच्या फाइलची अक्षरं-आकड्यांची लांब ओळख येईल.

या मेलमध्ये व्हिडिओ न पाहताही सगळं कळतं, ही त्यातली सगळ्यात मोठी गोष्ट. लिंक हा पुरावा आहे, मजकूर नव्हे. संचालकांनी ती दाबली नाही तरी त्यांना बिघाड काय, कशामुळे आणि उपाय काय हे समजलेलं असतं. शंका आली तरच ते व्हिडिओ पाहतील. याच्या उलट 'आपल्या वेबसाइटबद्दल एक महत्त्वाची गोष्ट सांगायची आहे, कृपया हा छोटासा व्हिडिओ पाहा' असं लिहिलं, तर आपण उत्सुकता ताणतो आहोत असं वाटतं, पण वाचणाऱ्याला ती अट वाटते. 'आधी दाबा, मग सांगतो' ही फसव्या मेलची भाषा आहे आणि आपला मेल त्याच रांगेत जाऊन बसतो. 'छोटासा' हा शब्दही काही सांगत नाही. कुणाचा छोटासा पाऊण मिनिटाचा असतो, कुणाचा नऊ मिनिटांचा. आकडा लिहावा, आणि तो खरा लिहावा. ३८ लिहून व्हिडिओ सव्वा मिनिटाचा निघाला, तर पुढच्या वाक्यावरचाही विश्वास जातो.

विषयाच्या ओळीत 'व्हिडिओ' हा शब्द मुद्दाम टाळला आहे. संचालकांना व्हिडिओत रस नाही, अर्जात आहे. लिंकही 'इथे क्लिक करा' या शब्दांखाली लपवलेली नाही, उघडी ठेवली आहे. व्हिडिओतलं एक चित्र घेऊन त्यावर त्रिकोणी बटण काढायचं आणि ते चित्र मेलमध्ये चिकटवायचं, अशीही पद्धत आहे. जीमेलमध्ये व्हिडिओ मेलच्या आत चालत नाही, म्हणून ही युक्ती निघाली. ओळखीच्या माणसाला ती चालते. पहिल्या मेलमध्ये मात्र नको, कारण अनोळखी माणसाच्या मेलमधली चित्रं आउटलुकसारखे मेल प्रोग्राम अनेकदा रोखून धरतात, आणि तिथे उरतो रिकामा चौकोन. ज्याच्यावर सगळी भिस्त ठेवली तीच लिंक त्या चौकोनात गडप होते.

आवाजाच्या नोटबद्दल माझं मत जरा कडक आहे: अनोळखी माणसाला पहिल्याच मेलमध्ये ती जवळजवळ कधीच पाठवू नये. मजकूर नजरेने चाळता येतो, आवाज चाळता येत नाही. त्यात नंतर काही शोधता येत नाही, त्यातलं एक वाक्य उचलून हिशेबनीसाला पाठवता येत नाही, आणि ऐकायला एकांत लागतो. आपल्याला टाइप करायचा कंटाळा आला, एवढंच त्यातून पोचतं.

अपवाद एकच: आवाज हाच माल असेल तेव्हा. समजा कुणी मराठी पुस्तकांचं वाचन करून देण्याचं काम करतं आणि पुण्यातल्या एखाद्या ऑडिओबुक करणाऱ्या प्रकाशनाला लिहितं आहे. 'माझे उच्चार स्पष्ट आहेत' हे वाक्य कितीही वेळा लिहिलं तरी त्याला अर्थ नाही. 'चूक' मधला च आणि 'चित्र' मधला च वेगळे लागतात का, 'ण' चा 'न' होतो का, वाक्याच्या शेवटी दम तुटतो का, हे कानानेच कळतं. तिथे चाळीस-पन्नास सेकंदांचा नमुना द्यावा. साधारण नव्वद-शंभर शब्दांचा एक परिच्छेद. त्यात थोडं निवेदन आणि एक-दोन संवाद असावेत, कारण कथेच्या वाचनात निवेदनावरून संवादावर येतानाच वाचणारा अडखळतो. पंखा बंद, खिडकी बंद, फोन तोंडापासून वीतभर दूर आणि किंचित तिरका, म्हणजे 'प' आणि 'फ' म्हणताना श्वासाचा फटका थेट माइकवर बसत नाही.

इथे पाटीवरचा मजकूर थोडा बदलतो. '४५ सेकंद, निवेदन आणि दोन पात्रांचा संवाद, घरच्या खोलीत मोबाइलवर रेकॉर्ड केलेलं, कुठलीही सफाई केलेली नाही.' हे शेवटचं नक्की लिहावं. निवड करणाऱ्याला कच्चा आवाज ऐकायचा असतो; मागचा घुमारा यंत्राने पुसला असेल आणि ते सांगितलं नसेल, तर स्टुडिओत बसल्यावर दोघांचाही वेळ जातो. परिच्छेद कुठला आहे तेही लिहावं. शक्यतो स्वतः लिहिलेला घ्यावा, म्हणजे दुसऱ्याच्या पुस्तकाच्या हक्काचा प्रश्न उरत नाही.

व्हॉट्सॲपवर बोलून तीच फाइल पुढे पाठवण्याचा मोह होतो, आणि तिथे एक हमखास घोटाळा होतो. व्हॉट्सॲपची आवाजाची फाइल .opus या प्रकारची असते. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर ती दाबली की 'ही फाइल कशाने उघडू' असा प्रश्न येतो, आणि तिथेच ऐकणं संपतं. तिची mp3 करून घ्यावी. कॉम्प्युटरवर ffmpeg हा फाइलचे प्रकार बदलणारा प्रोग्राम असेल तर एका ओळीचं काम आहे:

```
ffmpeg -i namuna.opus -ac 1 -b:a 64k namuna.mp3
```

४५ सेकंदांची अशी फाइल ३६० केबीच्या आसपास होते, साध्या मोबाइल नेटवरही पटकन उघडते. मात्र वाचनाचा नमुना मुळात व्हॉट्सॲपवर रेकॉर्ड करूच नये. बोलणं समजण्यापुरतं ठेवून ते आवाज बराच दाबतं, आणि एकदा गेलेला बारकावा mp3 करून परत येत नाही. फोनच्या साध्या रेकॉर्डर ॲपमध्ये घ्यावा आणि तिथूनच mp3 करावी. तेव्हा वरच्या ओळीत namuna.opus च्या जागी त्या फाइलचं नाव आणि 64k च्या जागी 128k घालावं. फाइल दुप्पट, म्हणजे ७२० केबी होते, तीही जड नाही.

परत त्या क्लासकडे. मेल गेल्यानंतर व्हिडिओ किती वेळा पाहिला गेला, लिंक कधी दाबली गेली, याचे आकडे दाखवणारी साधनं मिळतात. त्यांच्यावरून पुढचं पाऊल ठरवू नये. मोठ्या ऑफिसांत मेल पोचल्याबरोबर सुरक्षेची यंत्रणा स्वतःच लिंका उघडून तपासते, आणि ती भेट माणसाची म्हणून मोजली जाऊ शकते. 'आपण काल व्हिडिओ पाहिलात असं दिसलं' असं लिहिणं तर फारच वाईट. ते खरं नसेल तर हसं होतं आणि खरं असेल तर पाळत ठेवल्यासारखं वाटतं.

आठवडाभर उत्तर आलं नाही तर एकदा आठवण करावी, त्याच मेलला उत्तर म्हणून. नवा व्हिडिओ नको. त्याच व्हिडिओतली दोन चित्रं काढून शेजारी-शेजारी जोडावीत: चौदाव्या सेकंदाचा भरलेला अर्ज आणि सतराव्या सेकंदाचा कोरा. चित्रं दिसली नाहीत तर काय, म्हणून खाली एक ओळ: 'डावीकडे पुढे दाबण्याआधी, उजवीकडे दाबल्यानंतर तीन सेकंदांनी.' ज्याने लिंक दाबली नाही त्याला यातून निम्मं तरी दिसतं.

फाइल मात्र लगेच काढून टाकू नये. असे मेल पुढे ढकलले जातात. संचालक ते वेबसाइट सांभाळणाऱ्याला पाठवतात, तो पंधरा दिवसांनी उघडतो, आणि नेमकी तेव्हा लिंक मेलेली असते. पाच-सहा महिने ती जिवंत ठेवावी. मात्र अर्ज दुरुस्त झाला, मग तो कुणीही केलेला असो, की त्याच दिवशी फाइल ड्राइव्हवरून काढावी आणि त्याच मेलवर कळवावं: 'अर्ज आता व्यवस्थित चालतो आहे, आज मोबाइलवरून तपासला. रेकॉर्डिंग काढून टाकलं आहे.'